पेजच्या वॉलवरची झाडझूड: परक्यांच्या पोस्ट आणि टॅग काढतानाच्या नोंदी

शनिवार, ७ जून

आमच्या आकाशनिरीक्षण गटाचं फेसबुक पेज २०११ पासून आहे. त्यावर काय टाकायचं हे आम्ही तिघं अ‍ॅडमिन ठरवतो. दुसरे लोक त्यावर काय टाकतात, याकडे मात्र गेल्या दोन वर्षांत कुणी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. आज सकाळी गटातल्या एका काकांचा फोन आला. "अहो, नातवाला शनीची कडी दाखवायला पेज उघडलं, तर वर कर्जाची जाहिरात! आणि खाली कुणीतरी लिहिलंय की आपलं पेज चोवीस तासांत बंद होणार. खरंय का ते?"

खरं नव्हतं, पण दोन्ही पोस्ट होत्या. हे काम हातात घेतो आहे आणि नोंदीही ठेवतो आहे, म्हणजे पुढच्या अ‍ॅडमिनला माझ्या चुका फुकटात मिळतील.

पहिला विचार साधा होता. दिसेल ती पोस्ट, तिच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, `Delete`, पुढची. पहिल्या दोन पोस्ट अशा गेल्या. तिसऱ्या पोस्टच्या मेनूत `Delete` हा पर्यायच नव्हता. मला वाटलं माझे अधिकार कमी पडतात, म्हणून अर्धा तास अ‍ॅडमिनच्या यादीत घालवला. अधिकार पूर्ण होते. पोस्टच वेगळ्या जातीची होती, आणि हे मला रात्री कळलं.

दुपारी निदान नवीन कचरा थांबवावा म्हणून सेटिंगमध्ये गेलो. मी टॅग झालेली पोस्ट मला विचारल्याशिवाय दिसू नये, असं ठरवून टाकलं. दहा मिनिटांत काम झालं म्हणून खूश होतो. (चूक. ९ तारखेची नोंद पाहा.)

रात्री शांतपणे दोन पोस्ट शेजारी शेजारी उघडून बघितल्या, तेव्हा फरक दिसला. एकीवर लिहिणाऱ्याच्या नावापुढे छोटा बाण होता आणि बाणापुढे आमच्या पेजचं नाव, म्हणजे "अमुक ▸ आमचं पेज". ती पोस्ट त्या माणसाने आमच्या वॉलवर येऊन लिहिलेली होती. जागा आमची, म्हणून पुसायचा अधिकारही आमचा. दुसरीवर बाण नव्हता. तिथे मजकुराच्या मध्येच आमच्या पेजचं नाव निळ्या अक्षरांत गुंतवलेलं होतं. ती पोस्ट लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवर राहते, आमच्याकडे तिची फक्त सावली पडते. सावली हटवता येते, मूळ वस्तू नाही. तिच्या मेनूत `Remove tag`, पेजवरून लपवण्याचा पर्याय आणि तक्रारीचा पर्याय असे तीनच मिळतात.

हे सकाळी माहीत असतं तर दिवस वाचला असता.

रविवार, ८ जून

मोजणी. वॉलवरून खाली खाली सरकत जाऊन सगळं मोजायचं ठरवलं. २०१९ पर्यंत पोहोचलो आणि ब्राउझर गुदमरला. टॅब बंद पडला आणि पुन्हा उघडल्यावर मी परत सगळ्यात वर. दुसऱ्यांदा २०१८ पर्यंत गेलो आणि तेच झालं. चार तास असे गेले.

मग पेजच्या नावाजवळच्या तीन ठिपक्यांतून `Activity log` उघडला. डावीकडे प्रकारांची यादी येते. तुम्ही टॅग झालेल्या गोष्टी एका ठिकाणी, इतरांनी तुमच्या जागेवर लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्या ठिकाणी. वर्ष निवडून थेट २०१४ ला उडी मारता येते. वॉलवरून सरकत जाणं म्हणजे गोदामातला माल खिडकीतून बघून मोजणं, आणि ही त्या गोदामाची वही. पहिल्या दिवसापासून इथूनच काम करायला हवं होतं.

एक स्प्रेडशीट केली. रकाने पाच: पोस्टची तारीख, दुवा, वॉल की टॅग, आशय एका ओळीत, आणि निर्णय. वॉलवरच्या पोस्टचे दुवे नीट भरले. टॅगचे भरायचा कंटाळा आला, कारण त्या "नुसता टॅग काढायच्या" होत्या. हा कंटाळा पुढच्या शनिवारी महागात पडला.

आकडे असे निघाले. वॉलवर परक्यांच्या ४१८ पोस्ट. त्यांतल्या २६३ उघड कचरा, १३१ आपल्याच लोकांच्या, २४ शंकास्पद. टॅग ९६. त्यांतल्या ३८ त्या "पेज बंद होणार" छापाच्या, २५ जाहिरातींमध्ये पन्नास पेजांबरोबर आम्हालाही ओढलेल्या, आणि ३३ खरोखर आमच्याबद्दल कुणीतरी प्रेमाने लिहिलेल्या.

मला वाटलं होतं सगळं मिळून शंभर असेल.

सोमवार, ९ जून

बहिणीचा निरोप: "मी टाकलेला आपला फोटो तुझ्या प्रोफाइलवर का दिसत नाही? रागावलायस का?"

रागावलो नव्हतो. शनिवारी मी पेजची सेटिंग बदललीच नव्हती, माझ्या स्वतःच्या खात्याची बदलली होती. नवीन पद्धतीच्या पेजमध्ये आधी वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर क्लिक करून पेजच्या रूपात शिरावं लागतं, मगच `Settings` पेजची उघडतात. न शिरता उघडली तर स्वतःची उघडतात, आणि दोन्ही दिसायला जुळ्या भावंडांसारखी. ओळखायची खूण मथळ्यात आहे. स्वतःच्या खात्यात त्या विभागाचं नाव `Profile and tagging`, पेजमध्ये `Page and tagging`. मी `tagging` वाचलं आणि पुढे गेलो.

माझी सेटिंग पूर्ववत केली, बहिणीचा फोटो मोकळा केला, आणि आता पेजच्या रूपात शिरून `Page and tagging` उघडलं. तीन गोष्टी बदलल्या. पेजवर कोण लिहू शकतं याचं उत्तर `Only me` केलं. टॅग झालेली पोस्ट पेजवर येण्याआधी तपासायची सोय चालू केली. आणि टॅग झालेल्या पोस्ट पेजवर कुणाला दिसाव्यात, तेही साफसफाई होईपर्यंत `Only me` केलं. या तिसऱ्या बदलाने ९६ च्या ९६ सावल्या एका फटक्यात लोकांच्या नजरेआड गेल्या. काहीच पुसलं गेलेलं नाही, नुसता पडदा ओढला. घाईत असलेल्या माणसाने आधी हे करावं आणि मग निवांत निवडत बसावं.

दोन मर्यादा लिहून ठेवतो. लिहिण्यावर बंदी घातली तरी आधी लिहिलेलं जात नाही. नळ बंद झाला, पाणी फरशीवर आहेच. आणि टॅग तपासायची सोय फक्त आमच्या पेजवर काय दिसेल तेवढंच ठरवते. ती पोस्ट इतरांच्या फीडमध्ये आणि शोधात आमच्या नावासकट दिसतच राहते. काकांना पेजवर ती दिसणार नाही, पण तीच पोस्ट त्यांना दुसरीकडे भेटू शकते.

बुधवार, ११ जून

कचऱ्याच्या २६३ पोस्ट पुसायला सुरुवात. तीन क्लिक, पुढची. हात बसला आणि वेग आला. अर्ध्या तासात साठेक झाल्या असतील, आणि पडद्यावर `You're Temporarily Blocked` अशी पाटी आली. तुम्ही फार वेगाने हे वापरत आहात, अशा अर्थाची ओळ खाली. माणूस यंत्रासारखं वागला तर यंत्र त्याला यंत्र समजतं, यात त्याचा काय दोष. पाटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. तोपर्यंत मी पेजवर गटाची स्वतःची पोस्टही टाकायला घाबरत होतो.

पुसण्याचं काम आपोआप करणाऱ्या ब्राउझरच्या एक्स्टेंशनचा मोह याच वेळी झाला. नाही वापरलं. असलं एक्स्टेंशन माझ्या लॉगिन झालेल्या खात्यात माझ्या नावाने हात घालतं, आणि वेगामुळे पडलेल्या बंदीवर आणखी वेग हा उपाय नव्हेच.

नवा नियम: एका बैठकीत पंचवीस, सकाळी एक बैठक, रात्री एक. पुन्हा पाटी आली नाही.

गुरुवार, १२ जून

काम वाटून घ्यावं म्हणून सहकारी अ‍ॅडमिनला बोलावलं. तिला `Activity log` दिसेचना. पेजच्या रूपात शिरायचा पर्यायच तिच्या यादीत नव्हता. तासभर फोनवर "वर उजवीकडे बघ", "नाहीये", "असेलच, बघ" चाललं.

तिला आम्ही पूर्वी कधीतरी `Task access` दिला होता. त्या अधिकारात माणूस नेमून दिलेली कामं बाहेरच्या साधनातून, म्हणजे `Meta Business Suite` मधून करतो. तो पेजच्या रूपात शिरू शकत नाही. `Facebook access` असलेला माणूस शिरू शकतो, आणि तो अधिकार पूर्ण ताबा न देताही देता येतो. सेटिंग आणि इतरांना अधिकार देणं-काढणं पूर्ण ताबा असलेल्याकडे राहतं, नको असलेला मजकूर काढणं दोघांनाही जमतं. तिला तो दिला आणि काम पाच मिनिटांत सुरू झालं. अधिकारांची यादी आधी बघायची, फोन नंतर करायचा.

शनिवार, १४ जून

आजची नोंद मोठी आहे, कारण आजची चूक दुरुस्त होत नाही.

आज त्या ३८ टॅगकडे वळलो. छाप एकच. प्रोफाइलचं चित्र अधिकृत चिन्हाच्या वळणाचं, नावात "सुरक्षा" किंवा "तक्रार विभाग" छापाचे इंग्रजी शब्द. मजकूर असा की तुमच्या पेजने नियम मोडले आहेत, चोवीस तासांत खाली दिलेल्या दुव्यावर अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद. आणि खाली चाळीस-पन्नास पेजांची नावं एकामागून एक निळ्या अक्षरांत. त्या माणसाला आमच्या वॉलवर लिहायची गरजच नाही. नाव गुंतवलं की आमच्या प्रत्येक अ‍ॅडमिनला सूचना जाते, आणि सूचनेत आमच्या पेजच्या नावाशेजारी "बंद" हा शब्द. हेतू तेवढाच असतो.

सहकारी म्हणाली, "हे मार्चमध्ये मला आलं होतं. मी उघडलं होतं." तिने दुव्यावर जाऊन ईमेलही भरला होता. पुढच्या चौकटीत "पेजचा पासवर्ड" मागितला तेव्हा ती थांबली. तिच्या शब्दांत, "पेजला पासवर्ड असतो कुठे? आपण तर आपल्याच खात्यातून शिरतो." बरोबर तेच. पेजला स्वतंत्र पासवर्ड नसतो. खोट्या पानाने नेमकी तीच चूक केली आणि ती वाचली. तरीही आज तिच्याकडून पासवर्ड बदलून घेतला, इतर उपकरणांवरची लॉगिन बंद करवली आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून घेतली. पाऊण तास. खरी सूचना कुणाच्या तरी पोस्टमध्ये टॅग होऊन येत नाही. ती पेजच्या स्वतःच्या `Support Inbox` मध्ये आणि पेजच्या स्थितीच्या पानावर येते. आमची दोन्ही पानं स्वच्छ होती, म्हणजे काकांनी विचारलेला प्रश्न दहा सेकंदांत निकाली निघाला असता.

आता चूक. मी भराभर `Remove tag` करत गेलो. अकरा झाल्यावर सहकारी म्हणाली, "यांची तक्रार केलीस का?" नव्हती केली. म्हटलं आता करू. आणि त्या सापडेनात. टॅग काढला की ती पोस्ट टॅगच्या यादीतून जाते, कारण आता आमचा तिच्याशी संबंधच उरत नाही. सावली पुसली तशी वस्तूकडे जायची वाटही पुसली. वॉलवरच्या पोस्टचे दुवे स्प्रेडशीटमध्ये होते. टॅगचे दुवे मी आळसाने भरलेच नव्हते. त्या अकरा पोस्ट अजून कुठेतरी चाळीस पेजांची नावं घेऊन उभ्या असतील, फक्त आमचं नाव त्यांतून सुटलं आहे.

उरलेल्या २७ साठी क्रम ठरवला आणि कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवला. पोस्टच्या वेळेवर क्लिक करून तिचं स्वतंत्र पान उघडायचं आणि पत्ता स्प्रेडशीटमध्ये टाकायचा. पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्यायचा. मग `Report post`, फसवणुकीचं कारण निवडून. मग `Remove tag`. आणि सगळ्यात शेवटी त्या प्रोफाइलला पेजच्या रूपातून ब्लॉक. ब्लॉक शेवटी का, तर ब्लॉक केलेल्याचं लिखाण मग पेजच्या रूपातून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची तक्रार कशी करणार.

एका पोस्टला सुमारे दोन मिनिटं लागली, पहिल्या अकरांना प्रत्येकी दहा सेकंद लागली होती. दोन आठवड्यांनी दुवे तपासेन.

रविवार, १५ जून

जाहिरातींतले २५ टॅग काढायला घेतले. यांना तक्रारीची गरज वाटली नाही, फक्त दुवा नोंदवून `Remove tag`. त्यांतल्या तीन ठिकाणी माणसाने टॅग न करता आमचं नाव नुसतं टाइप केलं होतं, ते शोधात सापडलं म्हणून मी यादीत धरलं होतं. निळं अक्षर नाही तर टॅग नाही, आणि टॅग नाही तर आमच्या हातात काहीच नाही. लिहिणाऱ्याला विनंती करणं एवढाच मार्ग. यादीतून वगळलं.

एक गंमत. एक "पोस्ट" काही केल्या जाईना. ना `Delete`, ना `Remove tag`. मजकूर होता, "दुर्बीण दाखवली, ढग दाखवले." वीस मिनिटं झटलो. ती पोस्ट नव्हतीच, पेजचा अभिप्राय होता. एकेकटा अभिप्राय पेजवाल्याला पुसता येत नाही. नियमभंग असेल तर तक्रार करता येते, नाहीतर `Page and tagging` मधून अभिप्रायांचा सगळा विभागच बंद करता येतो, पण मग चांगलेही जातात. ढगांबद्दलचं म्हणणं खरं होतं. ठेवला.

गुरुवार, १९ जून

कचऱ्याच्या २६३ पैकी शेवटची आज गेली. त्याबरोबर एक नको ती पण गेली.

६ जून २०१२ ला शुक्राचं अधिक्रमण झालं होतं. सूर्याच्या तबकडीवरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना आम्ही बघितला, आणि त्या दिवशी बऱ्याच जणांनी आपापले फोटो आमच्या वॉलवर आणून टाकले. त्यांतला एक फोटो एका मुलीने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाडलेल्या प्रतिमेचा होता. खाली तीसेक कमेंट होत्या: खोक्याला भोक किती मोठं ठेवलं, कागद किती लांब. पोस्टच्या मजकुरात एका दुकानाचा दुवा होता, जिथून तिने खोकं आणलं होतं. दुवा बघून मी ८ तारखेला तिला "कचरा" असं ठरवलं होतं, आणि आज ठरल्याप्रमाणे पुसलं. पुसल्यावर फोटोची छोटी प्रतिमा डोळ्यांसमोरून गेली तेव्हा समजलं.

पोस्ट गेली की खालच्या कमेंटही जातात. ती परत मिळाली नाही. शुक्राचं पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे, तेव्हा "पुन्हा टाक गं" म्हणण्यात अर्थ नाही. तिचा निरोपाचा मार्ग सापडला, माफी मागितली. मूळ फोटो तिच्याकडे आहे, पण कमेंट कुणाकडेच नाहीत.

यानंतर दोन बदल केले. शंकास्पद २४ पोस्ट पुसायच्या नाहीत, नुसत्या लपवायच्या. लपवलेली परत आणता येते. आणि दुवा असलेली जुनी पोस्ट पुसण्याआधी तिच्या खालच्या कमेंट उघडून बघायच्या. कचऱ्याखाली माणसं गप्पा मारत बसत नाहीत. दहापेक्षा जास्त कमेंट असतील आणि त्या एकमेकींना उत्तरं देत असतील, तर पोस्ट बहुधा खरी. पंचवीसच्या बैठकीत याने दहा मिनिटं वाढतात.

रविवार, २२ जून

तपासणी. लपवलेल्या पोस्ट मला अजून दिसत होत्या, म्हणून आधी वाटलं काही झालंच नाही. अ‍ॅडमिनच्या डोळ्यांनी पेज तपासणं निरुपयोगी आहे, त्याला लपवलेलंही दिसतं. खासगी विंडोत लॉगिन न करता बघितलं, तर थोडं सरकल्यावर लॉगिनची चौकट आडवी आली. शेवटी काकांनाच फोन केला. त्यांच्याकडे पेजचा कुठलाही अधिकार नाही, त्यामुळे त्यांना दिसतं तेच खरं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खाली वाचून दाखवलं. कर्ज नाही, चोवीस तास नाहीत. "पण ते शनीचे फोटोही गेले की हो!"

गेले नव्हते. टॅग झालेल्या पोस्ट मी ९ तारखेला `Only me` केल्या होत्या, त्यात ३३ चांगल्याही पडद्यामागे गेल्या होत्या आणि पडदा उघडायचा राहिला होता. सेटिंग पुन्हा सर्वांसाठी खुली केली. काकांना पुन्हा फोन. आता दिसले.

रविवार, २९ जून

तक्रार केलेले २७ दुवे उघडून बघितले. एकोणीस उघडत नाहीत, आठ अजून जागच्या जागी आहेत. न उघडणाऱ्या पोस्ट तक्रारीमुळे गेल्या, की ब्लॉक केल्यामुळे मला दिसत नाहीत, हे पेजच्या रूपातून कळणं शक्यच नव्हतं. ते लक्षात आल्यावर स्वतःच्या खात्यातून पुन्हा तपासले, आणि हा आकडा तिथला आहे. आठ जणांची स्वतःच्या खात्यातून पुन्हा तक्रार केली.

आतापर्यंतचा वेळ: माझे सुमारे बावीस तास, सहकारीचे सात. माझ्यातले निदान आठ वाया. सगळ्यात मोठा वाटा वॉलवरून सरकत मोजण्याचा, त्यानंतर कमी अधिकारांवरच्या त्या दोन वाऱ्या, एक माझ्या आणि एक तिच्या. पैसे काहीच लागले नाहीत.

रविवार, १३ जुलै

पेजवर बाहेरच्यांना लिहिणं बंद केल्याची तक्रार आली. दोन जणांनी निरोपातून फोटो पाठवले आणि विचारलं की पूर्वीसारखं थेट का टाकता येत नाही. लिहिणं पुन्हा खुलं करायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. त्याऐवजी दर अमावास्येच्या आठवड्यात आम्ही एक पोस्ट टाकणार, आणि तिच्या कमेंटमध्ये सगळ्यांनी फोटो लावायचे. कमेंटवर शब्दांची गाळणी लावता येते, पेजच्या सेटिंगमध्ये हजारपर्यंत शब्द देता येतात आणि ते देवनागरीतही चालतात. "कर्ज" घातला. "अपील" घातला. "बंद" घालून लगेच काढला, कारण "ढगांमुळे निरीक्षण बंद" हे आम्हीच महिन्यातून दोनदा लिहितो. गाळलेली कमेंट पुसली जात नाही, लपते, आणि लिहिणाऱ्याला व त्याच्या मित्रांना दिसत राहते. त्यामुळे "माझी तर दिसतेय" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नये.

तपासणीच्या रांगेत या दोन आठवड्यांत नऊ टॅग आले. सहा चोवीस तासवाले, एक जाहिरात, दोन खरे. न बघितलेले टॅग आपोआप पेजवर येत नाहीत, रांगेत पडून राहतात, म्हणून खऱ्यांसाठी तरी आठवड्यातून एकदा रांग बघावी लागते. ते काम सहकारीने घेतलं आहे, दर रविवारी. स्क्रीनला चिकटवलेला कागद तिच्याकडे दिला. त्यावर तिने क्रमाच्या वर एक ओळ जोडली आहे: "आधी बाण आहे का बघ."